मोहर्स सर्कल बरोबर, मग अँगल उलटा का येतो?

प्रश्न: सर, एसओएमच्या न्यूमेरिकलमध्ये मोहर्स सर्कल काढून σ₁, σ₂ बरोबर येतात, पण प्रिन्सिपल प्लेनचा अँगल कधी बरोबर येतो, कधी उलट्या बाजूला. एका पुस्तकात शिअर वर प्लॉट केलाय, दुसऱ्यात खाली. मी दरवेळी गोंधळते. नक्की कुठलं धरायचं? आणि मॅक्झिमम शिअर म्हणजे सर्कलची त्रिज्याच ना? त्याचे पण एकदा मार्क कापले गेलेत. (सेकंड इयर मेकॅनिकल, सांगली)

उत्तर:

तुझं सर्कल चुकत नाहीये. ते चुकलं असतं तर σ₁ आणि σ₂ पण हुकले असते. चूक होते ती त्यानंतर, सर्कलवर मोजलेला अँगल परत एलिमेंटवर नेताना. σ₁, σ₂ कधीच का चुकत नाहीत, याचं कारण सरळ आहे. त्रिज्या काढताना शिअरचा वर्ग होतो, म्हणून τ अधिक ४० घे नाहीतर उणे ४०, त्रिज्या तीच येते आणि केंद्राचा तर शिअरशी संबंधच नाही. म्हणजे शिअरचं चिन्ह उलटं पडलं तरी उत्तराचा निम्मा भाग बिनबोभाट बरोबर येतो आणि चूक अँगलमध्ये लपून बसते.

आधी एक सांगून टाकतो. शिअर वर घ्यायचा की खाली, याचं एकच बरोबर उत्तर नाही. दोन्ही रीती चालतात, फक्त दोन्हीत अँगल परत नेण्याचा नियम वेगळा आहे. तुमचे सर किंवा तुमचं नेमलेलं पुस्तक जी रीत वापरतं तीच पेपरात वापर, आणि उत्तराच्या वर एका ओळीत लिहून टाक की कुठला शिअर वर धरलाय. सिव्हिलच्या मैत्रिणीच्या सॉइल मेकॅनिक्सच्या वहीत डोकावू नकोस. तिथे कॉम्प्रेशनच पॉझिटिव्ह धरतात, त्यामुळे तिचं चित्र बघून गोंधळ आणखी वाढेल. आपण टेन्शन पॉझिटिव्ह धरतो.

मी काही वर्षं कुपवाड एमआयडीसीत प्रेशर व्हेसलच्या डिझाइनला होतो, आता साताऱ्यात डिप्लोमा-डिग्रीच्या मुलांना एसओएम शिकवतो. मी जी रीत शिकवतो ती अशी: एलिमेंटला घड्याळाच्या दिशेने फिरवू पाहणारा शिअर अक्षाच्या वर, उलट दिशेने फिरवू पाहणारा खाली. ही रीत घेण्याचं कारण एवढंच की मग सर्कलवर ज्या बाजूला फिरशील त्याच बाजूला एलिमेंटवर फिरायचं, फक्त निम्मं. वेगळं काही लक्षात ठेवावं लागत नाही.

आता एक गणित पूर्ण करू. मुद्दाम असे आकडे घेतलेत की तुझ्या दोन्ही शंका त्यातच सुटतील.

एका बिंदूपाशी चौकोनी एलिमेंट आहे. आडव्या दिशेला दोन्हीकडून ९० मेगापास्कलचं टेन्शन, उभ्या दिशेला ३० मेगापास्कलचं टेन्शन. शिअर ४० मेगापास्कल. उजव्या फेसवर शिअरचा बाण वर जातो, डाव्यावर खाली, वरच्या फेसवर उजवीकडे, खालच्यावर डावीकडे. पुढचं काही वाचायच्या आधी हे चित्र हाताने काढ. प्रश्नात नुसतं "τ = 40" दिलेलं असलं आणि आकृती नसली, तर बहुतेक पुस्तकांत पॉझिटिव्ह τ म्हणजे हीच आकृती असते. पण आकृती दिली असेल तर तीच खरी, त्यावरचा बाणच बघायचा.

पहिला प्रश्न: उजव्या फेसवरचा बाण एलिमेंटला कुठे फिरवू पाहतो? एलिमेंटच्या मध्यावर पेन्सिलचं टोक ठेव आणि उजवी कड वर ढकलतोय अशी कल्पना कर. चौकोन अँटिक्लॉकवाइज फिरेल. म्हणून उजव्या फेसचा बिंदू अक्षाच्या खाली. वरच्या फेसवरचा बाण उजवीकडे ढकलतो, त्याने चौकोन क्लॉकवाइज फिरेल. म्हणून वरच्या फेसचा बिंदू अक्षाच्या वर. या दोन्ही जोड्या एकमेकींना तोलून धरतात म्हणून एलिमेंट जागेवर राहतं. त्यामुळेच हे दोन बिंदू कधीच अक्षाच्या एकाच बाजूला येत नाहीत. तुझ्या ग्राफवर दोन्ही बिंदू वर किंवा दोन्ही खाली आले, तर तिथेच थांब.

आता ग्राफपेपर घे. आडव्या अक्षावर नॉर्मल स्ट्रेस, उभ्या अक्षावर शिअर, स्केल १ सेमीला १० मेगापास्कल. दोन्ही अक्षांना स्केल एकच हवं. हे इतकं उघड वाटतं की कोणी लिहीत नाही, पण कॉम्प्युटरवर शीटमध्ये चार्ट काढणाऱ्यांचं सर्कल लंबगोल दिसतं ते याच कारणाने, आणि त्यावर कोनमापक ठेवून मोजलेला अँगल निव्वळ खोटा असतो. कागदावरही कोणी शिअरचं स्केल "जागा पुरावी म्हणून" वेगळं घेतलं की मग कर्कटक लावायला जागाच उरत नाही.

उजव्या फेसचा बिंदू एक्स: आडवा ९०, उभा खाली ४०. म्हणजे मूळबिंदूपासून ९ सेमी उजवीकडे, ४ सेमी खाली. वरच्या फेसचा बिंदू वाय: ३ सेमी उजवीकडे, ४ सेमी वर. दोन्ही पट्टीने जोड. ही रेघ आडव्या अक्षाला जिथे छेदते ते केंद्र. इथे सूत्र आठवायची गरजच नाही, बघितलंस तर ते ६ सेमीवर येतं, म्हणजे ६० मेगापास्कल. सूत्रानेही तेच:

σ केंद्र = (९० + ३०) / २ = ६०

पट्टीने केंद्र काढायचा एक फायदा आहे. σy कॉम्प्रेसिव्ह असला की बरीच मुलं घाईत चिन्ह विसरून बेरीज करतात आणि केंद्र भलतीकडे जातं. एक्स-वाय जोडणारी रेघ खोटं बोलत नाही.

कर्कटकाचं टोक केंद्रावर, पेन्सिल एक्सवर, वर्तुळ काढ. ते वायमधून गेलंच पाहिजे. नाही गेलं तर बिंदू चुकलाय किंवा कर्कटकाचा स्क्रू ढिला आहे, आणि कॉलेजच्या कंपासपेटीतलं कर्कटक असेल तर दुसरी शक्यता जास्त. त्रिज्या मोज: ५ सेमी, म्हणजे ५० मेगापास्कल. सूत्राने √(३०² + ४०²) = ५०. इथले ३० म्हणजे ९० आणि ३० च्या फरकाचे निम्मे, केंद्रापासून एक्सपर्यंतचं आडवं अंतर.

वर्तुळ आडव्या अक्षाला दोन ठिकाणी छेदतं. उजवीकडे ११ सेमीवर, डावीकडे १ सेमीवर. तिथे शिअर शून्य, म्हणून हेच प्रिन्सिपल स्ट्रेस:

σ₁ = ६० + ५० = ११० मेगापास्कल, σ₂ = ६० − ५० = १० मेगापास्कल

दोन्ही टेन्साइल. ताळा करायचा तर बेरीज बघ: ११० + १० = १२० आणि ९० + ३० पण १२०. एलिमेंट कसंही फिरवलं तरी दोन काटकोनातल्या नॉर्मल स्ट्रेसची बेरीज बदलत नाही, म्हणून हा ताळा कायम चालतो. पण त्याच्यावर फार विसंबू नकोस, कारण तो केंद्र बरोबर आहे एवढंच सांगतो. त्रिज्या चुकली तरी बेरीज जुळतेच.

आता तू जिथे अडकतेस ती जागा. सर्कलवरचा प्रत्येक बिंदू म्हणजे एक प्लेन, हे पक्कं धर. तो एलिमेंटवरची जागा नाही, एका दिशेला कापलेला फेस आहे. एक्स म्हणजे उजवा फेस, वाय म्हणजे वरचा फेस. एलिमेंटवर या दोन फेसमध्ये ९० अंशांचं अंतर आहे, पण सर्कलवर ते समोरासमोर, १८० अंशांवर आहेत. सर्कलवर सगळे अँगल दुप्पट असतात ते इथूनच दिसतं, वेगळं पाठ करावं लागत नाही.

तर σ₁ चा प्लेन शोधायचा म्हणजे काय करायचं? केंद्रापासून एक्सपर्यंतची त्रिज्या ही सुरुवात, कारण एक्स म्हणजे आपल्या ओळखीचा उजवा फेस. तिथून ११० च्या बिंदूपर्यंत त्रिज्या फिरव. कोनमापक केंद्रावर ठेवायचं, मूळबिंदूवर नाही. मूळबिंदूवर कोनमापक ठेवणारे दर बॅचला भेटतात, आणि त्यांचं उत्तरही "जवळपास" वाटावं इतकं फसवं येतं. केंद्रावर मोजलास तर ५३ अंशांच्या किंचित पुढे येईल. नेमका ५३.१३ अंश, कारण tan 2θ = ४०/३०. आणि फिरायची दिशा? एक्स खाली आहे, ११० चा बिंदू अक्षावर उजवीकडे आहे, म्हणजे खालून वर, अँटिक्लॉकवाइज.

आपली रीत सांगते की दिशा तीच, अँगल निम्मा. म्हणून उजवा फेस अँटिक्लॉकवाइज २६.५७ अंश फिरवला की तो σ₁ चा प्लेन. त्याच्यावर ११० मेगापास्कल काटकोनात ओढतो आणि शिअर काही नाही. σ₂ चा प्लेन त्याच्याशी काटकोनात.

एक बारीक खाच इथे आहे. २६.५७ अंश हा σ₁ च्या दिशेचा आडव्या अक्षाशी होणारा कोन आहे, आणि प्लेनचा उभ्या रेषेशी होणारा कोनही तोच. पण प्लेनचा आडव्या रेषेशी होणारा कोन ६३.४३ अंश आहे. उत्तरात नुसतं "θ = 26.57°" लिहून सोडलंस तर तपासणारा कुठलाही अर्थ घेऊ शकतो. "उभ्या प्लेनपासून अँटिक्लॉकवाइज" एवढे शब्द लिही आणि शेजारी फिरवलेला चौकोन काढ. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

आता तुझं दुसरं पुस्तक काय करतं ते बघ. तिथे पॉझिटिव्ह τ वर घेतलाय, म्हणजे एक्स बिंदू आडवा ९०, उभा वर ४०. सर्कल तेच, फक्त आरशात बघितल्यासारखं उलटं. एक्सपासून ११० पर्यंत जायला आता तुला क्लॉकवाइज ५३.१३ फिरावं लागतं. पण खऱ्या एलिमेंटवर उत्तर अँटिक्लॉकवाइजच आहे, एलिमेंट काही बदललेलं नाही. म्हणून त्या रीतीत नियम असा: सर्कलवर ज्या बाजूला फिराल त्याच्या उलट बाजूला एलिमेंटवर फिरायचं. तू एका पुस्तकाचा एक्स घेतेस आणि दुसऱ्या पुस्तकाची दिशा. कधी दोन चुका एकमेकींना खातात आणि उत्तर बरोबर येतं, कधी एकच होते आणि उलटं येतं. "कधी बरोबर, कधी उलटा" याचं मूळ हेच.

उलटा आला हे पेपरात कसं ओळखायचं? दोन उपाय आहेत. पहिला पाच सेकंदांचा. एलिमेंटवर बघ, शिअरच्या बाणांची टोकं कुठल्या कोपऱ्यात भेटतात. आपल्या आकृतीत उजवा बाण वर जातो आणि वरचा बाण उजवीकडे, दोन्ही टोकं उजव्या वरच्या कोपऱ्यात भेटतात. म्हणजे शिअर चौकोनाला त्या कर्णाच्या दिशेने ताणतो. एकट्या शिअरने σ₁ नेमका त्या कर्णावर, ४५ अंशांवर असता. पण आडवं टेन्शन मोठं आहे, ते σ₁ ला आपल्याकडे, आडव्या दिशेकडे ओढतं. म्हणून σ₁ कायम या दोघांच्या मध्ये सापडतो: मोठ्या नॉर्मल स्ट्रेसची दिशा आणि जिथे बाणांची टोकं भेटतात तो कर्ण. इथे ० ते ४५ अंशांमध्ये, उजवीकडे वर. २६.५७ त्यात बसतो. तुला उजवीकडे खाली जाणारी दिशा मिळाली असती तर आकडेमोड न बघताच ती खोटी म्हणता आली असती.

दुसरा उपाय आकड्यांचा. त्या प्लेनवरचा शिअर काढून बघायचा, तो शून्य यायला हवा:

τ = −३० sin 2θ + ४० cos 2θ

2θ = ५३.१३ अंश टाकलास तर −२४ + २४ = ०. उलट्या बाजूचा, −५३.१३ टाकलास तर २४ + २४ = ४८. शून्य सोड, हा तर जवळजवळ मॅक्झिमम शिअर आहे. म्हणजे उलटा अँगल ही "चिन्हाची किरकोळ चूक" नाही. ज्या प्लेनवर शिअर नाही म्हणून आपण सांगतोय, तिथे प्रत्यक्षात ४८ मेगापास्कल शिअर बसलाय.

कॅल्क्युलेटरबद्दल एक सांगतो. tan 2θ = 2τ/(σx − σy) हे सूत्र वापरून काही जण सर्कलशिवायच अँगल काढतात. चालतं, पण ते सूत्र दोन्ही प्रिन्सिपल प्लेनना लागू आहे आणि कॅल्क्युलेटर त्यातला एकच उचलून देतो. आपल्या गणितात σx मोठा होता म्हणून σ₁ चा अँगल मिळाला. तेच ९० आणि ३० अदलाबदल केलेस, म्हणजे आडवा ३०, उभा ९०, तर कॅल्क्युलेटर −२६.५७ देतो आणि तो σ₂ चा अँगल असतो. सूत्र हे सांगत नाही. सर्कल सांगतं, कारण तिथे तू स्वतः बघून ११० च्या बिंदूकडे फिरतेस. अँगलसाठी मी सर्कलचा आग्रह धरतो तो यासाठी. आकड्यांसाठी खरं तर सूत्र पुरेसं आहे. पोल नावाची आणखी एक सुंदर पद्धत आहे, तिच्यात अँगल दुप्पट-निम्मा करावाच लागत नाही, पण परीक्षा तोंडावर असताना तिच्या वाटेला जाऊ नकोस.

हे सगळं कागदावरचंच वाटत असेल तर वर्गातला एक खडू घे. दोन्ही टोकं चिमटीत धरून पीळ, सरळ रेषेत, वाकवू नकोस. वाकला तर तो आडवा सपाट तुटेल आणि त्यातून काही कळणार नाही. नीट पिळलास तर तुटलेला भाग तिरका, स्प्रिंगसारखा वळसा घेतलेला दिसेल, खडूच्या लांबीशी साधारण ४५ अंशांवर. पिळण्यात फक्त शिअर असतो, नॉर्मल स्ट्रेस दोन्ही शून्य. म्हणजे सर्कलचं केंद्र मूळबिंदूवर, एक्स बरोबर खाली, आणि σ₁ पर्यंत सर्कलवर ९० अंश, म्हणजे खडूवर ४५. खडू टेन्शनला कच्चा, म्हणून σ₁ ज्या प्लेनवर ओढतो तिथेच फाटतो. आता दुसरा खडू उलट्या दिशेने पीळ. वळसा उलट्या हाताचा येईल. शिअरचं चिन्ह बदललं की प्रिन्सिपल प्लेन खरोखरच दुसऱ्या बाजूला जातो. कास्ट आयर्नचा तुकडा टॉर्शन मशीनवर असाच तुटतो. माइल्ड स्टीलचा मात्र आडवा, जवळजवळ सपाट तुटतो, कारण तो शिअरला आधी हार मानतो आणि मॅक्झिमम शिअर आडव्या छेदावर असतो. लॅबमध्ये दोन्ही तुकडे शेजारी ठेवून बघ.

आता मॅक्झिमम शिअर. सर्कलचा सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा बिंदू बघ. तिथे शिअर त्रिज्येइतका, ५० मेगापास्कल. एक्सपासून सर्वांत खालच्या बिंदूपर्यंत क्लॉकवाइज ३६.८७ अंश, म्हणजे एलिमेंटवर उजवा फेस क्लॉकवाइज १८.४३ अंश फिरवायचा. σ₁ चा प्लेन अँटिक्लॉकवाइज २६.५७ वर होता. दोघांमधलं अंतर ४५, बरोबर. इथे बरेच जण "τmax = 50" लिहून मोकळे होतात आणि एक गोष्ट सोडतात: या प्लेनवर नॉर्मल स्ट्रेस शून्य नसतो. तो केंद्राइतका, ६० मेगापास्कल असतो. प्रिन्सिपल प्लेनवर शिअर शून्य म्हणून मॅक्झिमम शिअरच्या प्लेनवर नॉर्मल शून्य, अशी समजूत करून घेऊन एलिमेंट काढलं तर मार्क जाणारच.

पण तुझे मार्क बहुधा वेगळ्या कारणाने गेले असतील, आणि ते प्रश्नाच्या भाषेवर अवलंबून आहे. त्रिज्या म्हणजे कागदाच्या प्लेनमध्ये एलिमेंट फिरवून मिळणारा सर्वांत मोठा शिअर. एलिमेंटला मात्र तिसरी बाजूही आहे, कागदाच्या बाहेर येणारी. त्या फेसवर काहीच स्ट्रेस नाही, म्हणजे तिथला प्रिन्सिपल स्ट्रेस शून्य. शून्य असला तरी तो मोजायचा. तिन्ही क्रमाने लाव: ११०, १०, ०. सर्वांत मोठा आणि सर्वांत छोटा घे:

τmax (absolute) = (११० − ०) / २ = ५५ मेगापास्कल

त्याच ग्राफवर ० ते १० आणि ० ते ११० अशी आणखी दोन वर्तुळं काढ. ० ते ११० चं वर्तुळ तुझ्या आधीच्या वर्तुळाच्या थोडं बाहेर जातं, त्रिज्या ५.५ सेमी. हा ५५ चा शिअर ज्या प्लेनवर आहे तो कागदाला तिरका कापतो, σ₁ ची दिशा आणि जाडीची दिशा यांच्या मधोमध. कागदावर एलिमेंट कितीही फिरवलंस तरी तो दिसणार नाही.

हे कधी लागतं, कधी नाही? σ₁ आणि σ₂ विरुद्ध चिन्हांचे असतील, एक टेन्शन एक कॉम्प्रेशन, तर शून्य त्यांच्या मध्ये पडतो आणि त्रिज्याच खरा मॅक्झिमम शिअर. दोन्ही एकाच चिन्हाचे असतील तर त्रिज्या कमी सांगते. प्रश्नात "इन-प्लेन मॅक्झिमम शिअर" असेल तर ५०, "ॲब्सोल्यूट" असेल तर ५५. नुसतं "मॅक्झिमम शिअर स्ट्रेस" असेल तर सेकंड इयरच्या पेपरात बहुतेक वेळा ५० अपेक्षित असतं, पण मी माझ्या मुलांना दोन्ही लिहायला सांगतो, नावासकट.

कारखान्यात मात्र ही सवलत नाही. २५० मेगापास्कल यील्डचं माइल्ड स्टील असेल आणि मॅक्झिमम शिअर स्ट्रेस थिअरी लावली, तर शिअरची मर्यादा १२५. ५० धरलेस तर फॅक्टर ऑफ सेफ्टी २.५ दिसतो, खरा ५५ धरलास तर २.२७. फरक छोटा वाटतो कारण इथे σ₂ जेमतेम १० होता. एअर रिसिव्हर घे: आतला व्यास १००० मिमी, जाडी ८ मिमी, दाब ०.८ मेगापास्कल. हूप स्ट्रेस ५० मेगापास्कल, लाँगिट्यूडिनल त्याच्या निम्मा, २५. शेलच्या पृष्ठभागावरचं मोहर्स सर्कल काढलंस तर त्रिज्या फक्त १२.५. खरा मॅक्झिमम शिअर मात्र २५, दुप्पट. आतल्या बाजूला दाबामुळे उणे ०.८ चा तिसरा स्ट्रेस धरला तर किंचित आणखी. म्हणूनच व्हेसलचं डिझाइन करणारा माणूस सर्कल काढल्यावर आधी मूळबिंदू वर्तुळाच्या आत आहे की बाहेर ते बघतो. बाहेर असेल तर त्रिज्येवर थांबत नाही.

एक गणित तुला देतो, σ आणि τ चे आकडे जवळपास तेच ठेवून. आडवं टेन्शन ९०, उभं कॉम्प्रेशन ३०, शिअर ४०, पण या वेळी उजव्या फेसवरचा बाण खाली. सर्कल काढायच्या आधी बाणांची टोकं कुठल्या कोपऱ्यात भेटतात ते बघून σ₁ कुठल्या बाजूला पडेल ते लिहून ठेव. मग ग्राफवर काढ. केंद्र ३० वर येईल, त्रिज्या ७२ च्या किंचित पुढे, σ₁ सुमारे १०२, σ₂ सुमारे उणे ४२. अँगल उभ्या प्लेनपासून क्लॉकवाइज १७ अंशांना थोडा कमी यायला हवा. अँटिक्लॉकवाइज आला तर एक्स बिंदू वर घेतलास की खाली, ते आधी तपास. आणि या वेळी मॅक्झिमम शिअर त्रिज्येइतकाच आहे की जास्त, तेही कारणासकट लिही. फिरवलेल्या चौकोनाचा फोटो टाकलास तर मी बघून सांगतो.